फारकतीचा स्टॅम्प, सहा महिन्यांची तारीख आणि चिपळूणचे पाच दिवस

वकीलताई,
लग्न 2017 चं, मुलगी सहा वर्षांची. मे 2024 पासून आमच्या खोल्या वेगळ्या झाल्या आणि 20 जानेवारी 2025 ला मिस्टर बेंगळुरूला निघून गेले. मी मुलीला घेऊन वारज्याच्या फ्लॅटमध्येच आहे. फ्लॅट आणि कर्ज दोघांच्या नावावर. मध्ये 2024 च्या गणपतीत सासूबाईंच्या समाधानासाठी चिपळूणला पाच दिवस एकत्र राहून आलो. आता भांडण उरलेलं नाही, दोघांनाही मोकळं व्हायचंय. ते 18 लाख एकरकमी देतायत, पण म्हणतात मुलीचंही यातच आलं. मामा म्हणतो कोर्ट कशाला, पाचशेच्या स्टॅम्पवर फारकत लिहून नोटरी करा. एक वकील म्हणतात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकू, वर्ष होतच आलंय, सहा महिनेही माफ करून घेऊ. हे सगळं खरंच असं होतं का? आणि पैसे दिल्यावर किंवा घेतल्यावर कुणी फिरलं तर?
– एक वाचक, पुणे

ताई, आधी मामांचा विषय संपवते, कारण तो सगळ्यात स्वस्त दिसतो आणि सगळ्यात महाग पडतो.

नोटरी केलेल्या फारकतीनं हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न सुटत नाही. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायद्याच्या कलम 29 नं ती राखून ठेवली आहे. पण ज्याला तिचा आधार घ्यायचा, त्याला ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. ‘आमच्यात असंच करतात’ एवढं म्हणून भागत नाही. माझ्याकडे दरवर्षी एखादी तरी मुलगी तो स्टॅम्प प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून घेऊन येते, बहुतेक वेळा दुसरं लग्न ठरल्यावर. तिला सांगावं लागतं की बाई, कागदोपत्री तू अजून पहिल्याचीच बायको आहेस. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न लागलं तर ते रद्दबातल ठरतं, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली गुन्हा होतो. नोटरी फक्त एवढंच सांगतो की अमुक माणसानं माझ्यासमोर सही केली. लग्न मोडायचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

आता तुमचा खरा प्रश्न. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम 13-ब 1976 च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं. त्यातली वाट तशी आखूड आहे, पण तिच्यात दोन वेगवेगळी मापं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिलं माप एक वर्षाचं. अर्ज दाखल करायच्या दिवशी तुम्ही दोघं किमान वर्षभर वेगळे राहत असायला हवेत. दुसरं माप सहा महिन्यांचं. अर्ज दाखल झाल्यावर तेवढं थांबायचं आणि मग दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं की आमचं म्हणणं तेच आहे. त्याला आपण कुलिंग पिरियड म्हणतो. पहिलं माप अर्जाच्या मागचं, दुसरं अर्जाच्या पुढचं. वकील ‘माफ करून घेऊ’ म्हणतात ते दुसऱ्याबद्दल. पहिल्याची माफी गृहीत धरून अर्ज टाकू नका.

म्हणून जानेवारीचा पहिला आठवडा मला पटत नाही. अर्जात ‘20 जानेवारी 2025 पासून वेगळे राहतो’ असं लिहून तो 5 जानेवारी 2026 ला टाकलात, तर वर्षाला पंधरा दिवस कमी पडतात. अर्जाची छाननी करणारा कारकून हे बोटांवर मोजतो. त्याच्या नजरेतून सुटलं तरी न्यायाधीशांच्या सुटत नाही. पंधरा दिवसांच्या घाईपायी अर्ज मागे घेऊन नवा टाकायची वेळ आलेली मी पाहिली आहे, आणि नव्या अर्जाबरोबर सहा महिन्यांचं मीटरही नव्यानं सुरू होतं.

तुमचे वकील कदाचित म्हणतील की वेगळेपण मे 2024 पासूनचंच धरू. त्यातही तथ्य आहे. वेगळं राहणं म्हणजे वेगळ्या पत्त्यावर राहणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या निकालात हे स्पष्ट केलं: एका छताखाली राहूनही माणसं नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर ते वेगळं राहणंच आहे, आणि उलट वेगवेगळ्या गावी राहूनही नातं चालू असू शकतं. नोकरीपायी नवरा दुबईत आणि बायको सांगलीत असेल तर त्याला कुणी वेगळं राहणं म्हणत नाही. तेव्हा स्वयंपाक एक असला, पत्ता एक असला, मुलीला शाळेत सोडायला आळीपाळीनं जात असलात, तरी मे 2024 पासून संसार म्हणून काही उरलं नसेल तर तो काळ मोजता येतो.

इथे चिपळूण आडवं येतं. सासूबाईंसाठी पाच दिवस एका खोलीत राहिलात, आरत्या केल्यात, फोटोत हसलात, एवढ्यानं संसार पुन्हा सुरू झाला असं कुणी म्हणणार नाही. लोकलाजेसाठी माणसं काय काय करतात हे कोर्टाला ठाऊक असतं. पण त्या पाच दिवसांत ‘चला, पुन्हा एकदा बघू’ असं ठरलं होतं का? परत आल्यावर काही आठवडे एकत्र राहून पाहिलंत का? तसं असेल तर मोजणी तिथे तुटते आणि पुन्हा वेगळे झालात त्या दिवसापासून सुरू होते. याचं उत्तर मला नको, तुमच्या वकिलांना द्या. आणि खरं द्या, कारण अर्जातला मजकूर खरा असल्याचं तुम्ही दोघं शपथेवर लिहून देणार आहात आणि समुपदेशक दोघांना वेगवेगळं बसवून हेच विचारणार आहेत.

मी तुमची वकील असते तर अर्ज 27 जानेवारी 2026 ला टाकला असता. 26 ला सुट्टी, म्हणून मंगळवारी. अर्जात दोन्ही गोष्टी लिहिल्या असत्या: मे 2024 पासून एका घरात पण पती-पत्नी म्हणून नाही, आणि 20 जानेवारी 2025 पासून वेगवेगळ्या शहरांत. मग कुणी कसंही मोजलं तरी पहिलं वर्ष निर्विवाद पुरं झालेलं असतं, आणि मे 2024 वर वाद झालाच तर तो फक्त माफीपुरता उरतो.

माफी कशी मिळते ते आता सांगते. 12 सप्टेंबर 2017 ला अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सहा महिन्यांची मुदत दगडावरची रेघ नाही, कोर्टाला योग्य वाटलं तर ती माफ करता येते. पण त्यासाठी काय काय बघायचं हेही सांगितलं. एक, पहिलं वर्ष आणि त्यावरचे सहा महिने, असे मिळून दीड वर्ष अर्ज टाकण्यापूर्वीच वेगळं राहून झालेलं असावं. दोन, समेटाचे सगळे प्रयत्न करून झालेले असावेत. तीन, पोटगी, मुलांचा ताबा आणि बाकीच्या देण्याघेण्याचा खराखुरा निकाल लागलेला असावा. आणि चार, आणखी थांबण्यानं दोघांचा त्रास लांबण्यापलीकडे काहीच होणार नाही, अशी स्थिती असावी. माफीचा अर्ज मूळ अर्जानंतर आठवड्यानं करता येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत 3 फेब्रुवारीला.

आता आकडे लावून बघा. मे 2024 पासून मोजलं तर दीड वर्ष नोव्हेंबर 2025 मध्येच भरतं आणि माफीचा दरवाजा उघडतो. 20 जानेवारी 2025 पासून मोजलं तर दीड वर्ष 20 जुलै 2026 ला भरतं, आणि न मागताही तुमचे सहा महिने 27 जुलैला संपणारच आहेत. म्हणजे सगळी भिस्त मे 2024 वर. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच आणखी एका निकालात सांगितलं की 2017 च्या कसोट्या उदाहरणादाखल आहेत, ती काही पुरी यादी नव्हे. त्यामुळे न्यायाधीशांना थोडी मोकळीक आहे. पण मोकळीक त्यांना आहे, आपल्याला हक्क नाही. ‘सहा महिने माफ करून घेऊ’ हे वाक्य वकिलानं ‘मागून बघू’ असं म्हणायला हवं होतं.

तुमच्या बाबतीत मला तिसऱ्या कसोटीची जास्त काळजी वाटते. मुलीच्या पैशांचं अजून ठरलेलं नाही आणि फ्लॅटवर कर्ज उभं आहे. हे लटकत ठेवून माफी मागायला गेलात तर न्यायाधीश म्हणतील, घाई कसली, आधी हे मिटवून या.

जाता जाता एक. 1 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला तेव्हा ‘आता सहा महिने थांबायची गरज नाही’ अशी चर्चा घरोघरी झाली आणि माझा फोन दोन दिवस वाजत होता. तो निकाल राज्यघटनेच्या कलम 142 खालच्या अधिकाराबद्दल होता. तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात कुणी त्याच्या जोरावर लगेच घटस्फोट द्यायचं कबूल करत असेल, तर त्याला फी देऊ नका.

अर्ज टाकल्यावर काय होतं ते सांगते. आपल्याकडे या अर्जाला कोर्टाच्या आवारात ‘एफ पिटिशन’ म्हणतात. अर्ज दोघांचा मिळून एकच, त्यात वादी-प्रतिवादी नसतात, दोघंही अर्जदार. सोबत लग्नाचा पुरावा लागतो: नोंदणीचा दाखला असेल तर उत्तम, नाहीतर लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो. राहण्याचा पुरावा लागतो, आणि तुमच्यात दुसरा कुठलाही दावा किंवा तक्रार चालू आहे की नाही याचा खुलासा. अर्जात एकमेकांवर आरोप लिहू नका. पुष्कळ जणांना वाटतं की काहीतरी कारण दाखवल्याशिवाय कोर्ट ऐकणार नाही, म्हणून ते सासूचं, दारूचं, संशयाचं दीड पान लिहून आणतात. या कलमाखाली चूक कोणाची हे कोर्ट तपासतच नाही. एकत्र राहू शकलो नाही, एवढं पुरतं. उगाच लिहिलेल्या आरोपावरून समोरचा बिथरतो आणि ठरलेली संमती मोडते.

मग कोर्ट तपासतं तरी काय? कायद्याचे शब्द थोडके आहेत: दोघांचं ऐकून आणि आवश्यक वाटेल ती चौकशी करून कोर्टाची खात्री व्हायला हवी की लग्न झालं होतं आणि अर्जातलं म्हणणं खरं आहे. त्याला कलम 23 जोडलं की आणखी एक गोष्ट येते, आणि सगळ्यात जास्त वेळ तिच्यावरच जातो. संमती जबरदस्तीनं, फसवून किंवा दबावाखाली घेतलेली नाही ना?

ही चौकशी कागदावर होत नाही. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. ते आधी दोघांना एकत्र आणि मग एकेकटं बोलावतात. वकील आत नसतो, आई-वडील नसतात, मामा तर नाहीच. प्रश्न साधे असतात. केव्हापासून वेगळे राहता? घटस्फोट हवा असं पहिल्यांदा कोण म्हणालं? अटींचा कागद वाचलात का, का नुसती सही केलीत? दागिने मिळाले का? मुलीला काय सांगितलंय? पुन्हा एकत्र येण्याची शक्यता वाटते का? त्यांचा अहवाल फाइलला लागतो आणि पुढच्या तारखेला न्यायाधीश स्वतः विचारतात.

एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. सगळे कागद बिनचूक, सहा महिने झालेले, त्या दिवशी निकाल नक्की होता. न्यायाधीशांनी मुलीला विचारलं, “एकरकमी पैसे घेऊन पुढची पोटगी सोडताय, याचा अर्थ कळलाय ना?” तिनं उत्तर द्यायच्या आधी मान वळवून मागच्या बाकावर बसलेल्या भावाकडे पाहिलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं, भावाला बाहेर जायला सांगितलं आणि तिला पुन्हा तोच प्रश्न विचारला. ती गप्प राहिली. तारीख पडली. दीड महिन्यानं ती एकटी आली, अटींत दोन बदल करून घेतले आणि मग निकाल झाला. माझी अशील ती नव्हती, मी पुढच्या केससाठी बसले होते. पण त्या दिवसापासून मी माझ्या अशिलाला अटींचा कागद तिच्या शब्दांत मला सांगायला लावते. सांगता आला तरच सही.

मिस्टर बेंगळुरूला आहेत म्हणून अडायचं कारण नाही. 2017 च्या त्याच निकालात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची आणि योग्य कारण असेल तर आई-वडील किंवा भावंडांमार्फत हजर राहण्याची मुभा आहे. तरीही माझं मत विचाराल तर निकालाच्या दिवशी त्यांनी स्वतः यावं. समोर उभ्या माणसाची संमती कोर्टाला लवकर पटते.

आता फिरण्याबद्दल. निकालपत्रावर सही होईपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते. 1991 च्या निकालात हेच मुख्य होतं: संमती अर्ज टाकताना असून चालत नाही, ती निकालाच्या क्षणापर्यंत टिकलेली असावी लागते. आणि पुढे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही सांगितलं की एक जण तारखांना आलाच नाही तर ‘गप्प आहे म्हणजे कबूल आहे’ असं कोर्टानं धरायचं नाही. दुसऱ्यांदा येऊन सांगायला कायद्यानं अर्जापासून 18 महिन्यांची वरची मर्यादा ठेवली आहे. तुमच्यासाठी ती 27 जुलै 2027. तोवर एक जण आलाच नाही, तर दुसऱ्याच्या हातात संमतीचा निकाल पडत नाही. मग क्रौर्य किंवा परित्याग असं कारण घेऊन वेगळा दावा, म्हणजे वर्षांचं प्रकरण.

म्हणून पैशांचे हप्ते संमतीच्या टप्प्यांना बांधायचे. 18 लाखांतले समजा सहा लाख अर्ज दाखल होताना तुमच्या खात्यात, आणि बारा लाखांचा डिमांड ड्राफ्ट निकालाच्या दिवशी कोर्टासमोर हातात. सगळे आधी घेतलेत तर त्यांना धास्ती की तुम्ही फिराल, सगळे नंतर ठेवलेत तर तुम्हाला धास्ती. तुम्ही फिरलात तर आधीचे सहा लाख अमुक दिवसांत परत, आणि ते फिरले तर त्या रकमेचं काय, हेही लिहून ठेवायचं. आणि एक बारीक गोष्ट, जी शहाणीसुरती माणसं विसरतात: ड्राफ्ट तीन महिनेच चालतो. ‘माझी तयारी आहे हे दिसू दे’ म्हणून मिस्टरांनी जानेवारीत ड्राफ्ट काढला आणि वकिलाच्या कपाटात ठेवला, तर जुलैत तो बँकेत वटणार नाही. निकालाच्या आठवड्यात काढायला सांगा, सकाळी कोर्टात शिरण्यापूर्वी त्यावरची तारीख आणि तुमच्या नावाचं स्पेलिंग स्वतः बघा.

‘मुलीचंही यातच आलं’ हे मात्र मान्य करू नका. इथे मी सल्ला देत नाही, कायदा सांगते. तुमची पोटगी तुम्ही समजून-उमजून सोडू शकता किंवा एकरकमी घेऊ शकता, ती तुमची आहे. मुलीचा वडिलांकडून पालनपोषणाचा हक्क तिचा आहे आणि तो आईला तिच्या वतीनं सोडता येत नाही. तसं वाक्य कागदावर लिहून सही केलीत तरी उद्या मुलीसाठी मागणी करता येते, पण मधल्या काळात भांडण तुमच्या वाट्याला येतं. शिवाय न्यायाधीश हे वाक्य वाचतातच. मुलांची सोय दिसत नसेल तर निकाल तिथेच थांबतो.

मिस्टरांना यामागचं कारण समजावून सांगा, ते वाईट माणूस वाटत नाहीत. त्यांना दर महिन्याची कटकट नको असेल तर वेगळी सोय करता येते: 18 लाख तुमचे, आणि मुलीसाठी तिच्या नावे ठेव, जिच्या व्याजातून शाळेची फी निघेल, किंवा दरमहा ठरावीक रक्कम आणि दरवर्षी ठरावीक टक्के वाढ. वाढीचा आकडा लिहाच. सहा वर्षांच्या मुलीच्या खर्चाला पुरणारी रक्कम ती सोळा वर्षांची झाल्यावर पुरत नाही. भेटींचंही ‘वडील हवं तेव्हा भेटतील’ असं लिहू नका, ते दोन महिन्यांत भांडण होतं. कोणते शनिवार, मे महिन्याच्या सुट्टीतले किती दिवस, दिवाळी कुणाकडे, फोन किती वाजता, पासपोर्टच्या अर्जावर सही कोण करणार, हे लिहा. कलम 26 खाली मुलांबद्दलच्या या अटी पुढे परिस्थिती बदलली तर कोर्टाकडून बदलूनही घेता येतात, त्यामुळे त्यांनाही कायमचं अडकल्याची भीती नको.

फ्लॅटचं तुमच्या पत्रात फारसं आलं नाही, पण तुम्ही तिथेच राहणार असं मी धरते. ‘फ्लॅट पत्नीचा राहील’ एवढं वाक्य अटींत लिहून सोसायटी नाव बदलत नाही आणि बँक मिस्टरांना कर्जातून सोडत नाही. त्यांच्या हिश्श्याचा वेगळा नोंदणीकृत दस्त लागतो. नवऱ्यानं बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. पण ही सवलत बायकोला आहे, घटस्फोटितेला नाही. म्हणजे दस्त निकालाच्या आधी व्हायला हवा. आणि दस्तात कर्ज किंवा पैसे मोबदला म्हणून आले तर ते बक्षीस राहत नाही, तेव्हा मसुदा जाणत्या माणसाकडून करून घ्या. या सगळ्याआधी बँकेत जा. तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज ठेवायला बँक तयार आहे का, ते लेखी आणा. बँक नाही म्हणाली तर अटींचं सगळं गणित बदलतं, आणि ते जुलैत कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

तक्रार किंवा गुन्हा काही नोंदलेला नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. असेल तर वकिलांना आधी सांगा. छळाच्या कलमाखालचा गुन्हा ‘आम्ही मिटवलं’ म्हणून कौटुंबिक न्यायालयात संपत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात वेगळा अर्ज लागतो.

निकाल झाला की त्या तारखेपासून लग्न संपतं. संमतीनं झालेल्या कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील नसतं. हुकूमनाम्याची एक प्रत दोघांना फुकट द्यायची तरतूद कायद्यातच आहे. तरी त्याच दिवशी आणखी तीन-चार प्रमाणित नकलांचा अर्ज टाकून घ्या आणि नकला हातात आल्यावर तुमचं नाव, लग्नाची तारीख आणि मुलीचं नाव बरोबर छापलंय का ते बघा. चूक असेल तर लगेच दुरुस्ती मागा. पासपोर्ट ऑफिसात, बँकेत आणि शाळेत प्रत्येक ठिकाणी नक्कल मागतात, आणि पाच वर्षांनी नक्कल काढायला गेलं की फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते.